उत्पन्नाच्या एका दाखल्याचा खरा खर्च : तहसील कार्यालयातील एक प्रकरण अभ्यास

उत्पन्नाच्या दाखल्याला शासनाला किती खर्च येतो, असे तहसील कार्यालयात विचारले, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले उत्तर अर्जदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचे असते. दुसरे उत्तर थोड्या हिशेबी अधिकाऱ्याचे असते. दाखले शाखेचा वर्षाचा खर्च काढायचा, त्याला वर्षभरात दिलेल्या दाखल्यांनी भागायचे आणि आलेला आकडा सांगायचा. यातले पहिले उत्तर खर्चाचे नाहीच. दुसरे खर्चाचे असले, तरी त्यात दाखल्यावर होणाऱ्या खर्चाचा सगळ्यात मोठा तुकडा येत नाही, आणि उरलेला खर्च सगळ्या दाखल्यांवर सारखा पसरला जातो. अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, म्हणजे कृतीनिहाय खर्चाचा हिशेब, लावला की चित्र कसे बदलते, हे या प्रकरणात एका तालुक्याच्या आधारे मांडले आहे.

येथील कार्यपद्धती महाराष्ट्रातील तहसील कार्यालयांत चालते तीच आहे. तालुका मात्र नमुन्याचा आहे, आणि त्याचे आकडे हिशेब नीट दिसावा म्हणून गोल धरले आहेत. आपल्या कार्यालयाचे आकडे ज्याने त्याने त्या जागी घालावेत. पायऱ्या त्याच राहतील, आणि निष्कर्षांची दिशाही बहुधा तीच राहील.

जुन्या पद्धतीचा हिशेब

तालुक्यात 30 सजे, म्हणजे तलाठ्यांची 30 कार्यक्षेत्रे, आहेत. तहसील कार्यालयाच्या दाखले शाखेत 4 महसूल सहायक व 1 अव्वल कारकून आहेत, आणि एका नायब तहसीलदारांचा साधारण निम्मा वेळ या शाखेला जातो. वर्षाला 30,000 दाखल्यांचे काम होते. त्यात 18,000 उत्पन्नाचे आणि 6,000 वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे दाखले आहेत. उरलेली 6,000 प्रकरणे जातीच्या व नॉन-क्रिमीलेअर दाखल्यांची असून ती येथे तपासून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवली जातात.

या सहा टेबलांचा वेतन, भत्ते, निवृत्तिवेतनाचे अंशदान, जागा, वीज, संगणक आणि कागद धरून वर्षाचा खर्च 36 लाख 12 हजार रुपये होतो. त्याला 30,000 ने भागले की दर दाखल्याला 120 रुपये येतात. प्रस्तावात, टिपणीत आणि आढावा बैठकीत हाच आकडा फिरतो.

या 120 रुपयांत दोन दोष आहेत. एक म्हणजे, नोकरदाराने फॉर्म 16 जोडून केलेला अर्ज आणि भूमिहीन मजुराचा गावात चौकशी करावी लागणारा अर्ज यांना हा आकडा सारखाच खर्च लावतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचे खरे काम जिथे होते, ते तलाठ्याचे टेबल या हिशेबात नाही. तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, शाखेच्या आस्थापनेवर नसतात. त्यामुळे त्यांचा वेळ दाखल्याला फुकट मिळतो, असे हिशेबाला वाटते.

शुल्काबद्दलही येथेच सांगितलेले बरे. या हिशेबाच्या वर्षी सेवा केंद्रावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी 33 रुपये 60 पैसे घेतले जात. त्यात 20 रुपये सेवाशुल्क, त्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कराचे 3 रुपये 60 पैसे आणि 10 रुपये न्यायालयीन शुल्क मुद्रांकाचे होते. सेवाशुल्क पुढे वाढले, पण त्याचे स्वरूप बदलले नाही. सेवाशुल्क हा मुख्यतः अर्ज भरून व कागद स्कॅन करून देणाऱ्या केंद्रचालकाचा आणि ऑनलाइन यंत्रणेचा मोबदला आहे. तपासणी, चौकशी आणि स्वाक्षरी यांच्या खर्चाशी त्याचा संबंध कधी जोडलेला नव्हता. म्हणून शुल्क व खर्च शेजारी ठेवून तोटा किंवा नफा काढण्यात अर्थ नाही.

मिनिटाचा दर

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कॅप्लन व रॉबिन कूपर या अभ्यासकांनी कृतीनिहाय हिशेबाची पद्धत कारखान्यांसाठी मांडली, तेव्हा कर्मचाऱ्यांना कोणत्या कामाला आपला किती टक्के वेळ जातो हे विचारून खर्च वाटला जाई. सरकारी कार्यालयात ही वाट फसते. आपल्या वेळेचा 15 टक्के भाग रिकामा जातो, असे कोणीही लिहून देत नाही. सगळ्यांच्या टक्क्यांची बेरीज नेहमी शंभर भरते आणि रिकामा वेळ कामांच्या खर्चात मुरतो. कॅप्लन व स्टीव्हन अँडरसन यांनी 2004 मध्ये मांडलेली वेळेवर आधारलेली सुधारित पद्धत येथे अधिक उपयोगी पडते. तिला दोनच गोष्टी लागतात. एका मिनिटाला किती रुपये पडतात, आणि एका कृतीला किती मिनिटे लागतात.

महसूल सहायकाचे टेबल घेऊ. वेतन व इतर सर्व देणी मिळून वर्षाला 5 लाख 4 हजार, आणि त्या टेबलाच्या वाट्याची जागा, वीज, यंत्रे व कागद यांचे 42 हजार, असे एकूण 5 लाख 46 हजार रुपये होतात. आता मिनिटे. राज्य शासनाचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आहे. शनिवार-रविवार, सार्वजनिक सुट्ट्या व सरासरी रजा वजा केल्यावर सुमारे 220 दिवस उरतात. सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा या वेळेतून जेवणाचा अर्धा तास काढला की दिवसाचे 8 तास हाती राहतात. पण माणूस आठही तास अर्ज तपासत नाही. बैठका, वरिष्ठांचे बोलावणे, दूरध्वनी, चहा आणि बंद पडलेले संकेतस्थळ यांत वेळ जातोच. म्हणून त्याचे 80 टक्के धरले. वर्षाची साधारण 84,000 मिनिटे झाली, आणि 5 लाख 46 हजार भागिले 84,000 म्हणजे मिनिटाला साडेसहा रुपये.

त्याच रीतीने तलाठ्याचे मिनिट 9 रुपयांना, अव्वल कारकुनाचे 10 रुपयांना आणि नायब तहसीलदाराचे 14 रुपयांना पडते.

निवडणुकीचे काम, अवकाळीचे पंचनामे आणि पीक पाहणी यांत जाणारे दिवस या 84,000 मधून वजा करण्याचा मोह होतो. तसे करू नये. ते दिवस वजा केले, तर दाखल्याच्या मिनिटाचा दर वाढतो आणि निवडणुकीचा खर्च दाखल्याच्या अंगावर पडतो. पंचनाम्याचे मिनिट पंचनाम्याच्याच खात्यावर लिहिले पाहिजे. ही शिस्त पाळली नाही, तर दुष्काळी वर्षात दाखला महाग झाला असे खोटे चित्र दिसते.

मिनिटे मोजताना

कृतीला लागणारी मिनिटे काढण्याचे तीन मार्ग आहेत. कर्मचाऱ्याला विचारणे, शेजारी बसून पाहणे आणि प्रणालीतील नोंदी काढणे. तिघांनाही आपापली खोड आहे.

विचारले तर उत्तर बहुधा फुगलेले येते. एका अर्जाला 10-12 मिनिटे तरी लागतात, असे महसूल सहायक सांगतो. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे नेहमी अडलेला, भांडणाचा अर्ज असतो, सरळ निघून गेलेले वीस अर्ज त्याला आठवत नाहीत. असे उत्तर पकडण्याची युक्ती सोपी आहे. सगळ्या अर्जांची सांगितलेली मिनिटे जोडायची आणि उपलब्ध मिनिटांशी ताडून पाहायची. चार महसूल सहायकांची वर्षाची मिनिटे 3 लाख 36 हजार आहेत. उत्पन्नाच्या प्रत्येक तपासणीला 12 मिनिटे धरली, तर शाखेचे एकूण काम 4 लाख 20 हजारांच्या आसपास जाते. तेवढा वेळ अस्तित्वातच नसताना काम तर दरवर्षी पुरे होते, म्हणजे 12 हा आकडा खरा असू शकत नाही.

प्रणालीतील नोंदी निर्विवाद वाटतात, पण त्या काम किती वेळ चालले हे सांगत नाहीत, अर्ज किती वेळ पडून होता ते सांगतात. अर्ज सोमवारी आला आणि गुरुवारी पुढे गेला, यातून तपासणीला तीन दिवस लागले असे होत नाही. नायब तहसीलदारांच्या लॉगिनमधील नोंदी तर अधिकच फसव्या असतात, कारण डिजिटल स्वाक्षऱ्या बहुधा सायंकाळी एका बैठकीत होतात. डोंगल लावायचे, पासवर्ड टाकायचा आणि तीस-चाळीस दाखले ओळीने उघडून सह्या करत जायच्या. दोन सह्यांमधले अंतर काही सेकंदांचे दिसते. त्यावरून स्वाक्षरीचे काम अर्ध्या मिनिटाचे ठरवले, तर सुरुवातीची मांडामांड आणि मध्येच शंका आलेल्या अर्जावर थांबलेला वेळ सुटतो. पूर्ण बैठकीचा वेळ घेऊन त्याला दाखल्यांच्या संख्येने भागले, की दीड मिनिट येते.

म्हणून खरा आधार शेजारी बसून पाहण्याचाच आहे, आणि तोही दोन वेगळ्या दिवशी. एक दिवस जूनमधला, एक नोव्हेंबरमधला. असे पाहिल्यावर महसूल सहायकाच्या तपासणीला 6 मिनिटे आणि अव्वल कारकुनाला 2 मिनिटे येतात. तलाठ्याच्या साध्या अहवालाला 15 मिनिटे लागतात. त्यात शिधापत्रिका पाहणे, अर्जदाराच्या नावावरील 8-अ चा उतारा काढणे, चार प्रश्न विचारणे आणि अहवाल लिहून सही करणे आले. जिथे जमीन नाही, पगार नाही, किंवा सांगितलेले उत्पन्न आणि राहणीमान जुळत नाही, तिथे गावात चौकशी करावी लागते, आणि जाण्यायेण्यासह 40 मिनिटे जातात.

एक अर्ज, तीन किमती

आता बेरीज आपोआप होते. कोणत्याही अर्जाला शाखेत तीन टेबले पार करावी लागतात. महसूल सहायकाचे 39 रुपये, अव्वल कारकुनाचे 20 आणि स्वाक्षरीचे 21, मिळून 80 रुपये. नोकरदाराचा फॉर्म 16 जोडलेला अर्ज येथेच संपतो आणि 80 रुपयांत दाखला तयार होतो. तलाठ्याचा साधा अहवाल लागणाऱ्या अर्जात 135 रुपयांची भर पडून तो 215 रुपयांचा होतो. गावात चौकशी लागणारा अर्ज 440 रुपयांवर जातो.

वर्षाच्या 18,000 अर्जांपैकी 3,000 पहिल्या प्रकारचे, 12,000 दुसऱ्या आणि 3,000 तिसऱ्या प्रकारचे धरले, तर एकूण खर्च 41 लाख 40 हजार रुपये होतो. 120 रुपयांच्या सरासरीखाली 80 पासून 440 पर्यंतचे दाखले लपलेले होते, आणि सगळ्यात स्वस्त दाखला सगळ्यात स्थिर उत्पन्न असलेल्या माणसाचा निघतो. ज्याच्याकडे कागद नाही, त्याचे उत्पन्न शोधून काढावे लागते, आणि शोधण्याला पैसे पडतात. यावरून गरिबाला जास्त शुल्क लावावे, असा अर्थ कोणी काढू नये. शाखेला मनुष्यबळ मंजूर करताना मात्र नोकरदारांचा शहरी तालुका आणि मजुरांचा दुर्गम तालुका यांना अर्जांच्या नुसत्या संख्येवर एकाच मापाने मोजता येणार नाही, एवढे यातून ठरते.

परत गेलेला अर्ज

वरील हिशेबात प्रत्येक अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला, असे धरले होते. शाखेत एक दिवस बसले तरी तसे होत नाही हे कळते. नमुन्याच्या तालुक्यात चारपैकी एक अर्ज त्रुटी काढून परत जातो, असे धरू.

अशा एका अर्जाचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. अर्ज एका महिलेचा, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी. आधार कार्डावर सासरचे नाव, शिधापत्रिकेवरही तेच, पण तलाठ्याच्या अहवालात माहेरचे आडनाव, कारण अहवाल लिहिताना जो 8-अ समोर होता तो वडिलांच्या जमिनीचा होता. केंद्रचालकाने अहवाल जसा आला तसा स्कॅन करून जोडला, तोही एका कडेला कापला गेलेला. महसूल सहायकाने तीन कागद उघडले, नावे ताडली, पहिला कागद पुन्हा उघडला, आणि ‘अहवालातील नाव जुळत नाही, स्पष्ट प्रत जोडावी’ असा शेरा लिहून अर्ज परत केला. शेरा केंद्रचालकाच्या लॉगिनला गेला. महिलेला तो कळला दहाव्या दिवशी, दाखला झाला का हे पाहायला ती तहसीलच्या खिडकीशी आली तेव्हा. खिडकीवर पुन्हा तोच महसूल सहायक. त्याने अर्ज क्रमांक टाकून शोधला, वाचला, समजावून सांगितला. ती तलाठ्याकडे परत गेली, नवा अहवाल घेतला, केंद्रावर जोडला, आणि अर्ज पहिल्यापासून तपासला गेला.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर पुन्हा तपासणीची 6 मिनिटे, शेरा लिहिण्याची 3 आणि खिडकीवरची 6, अशी महसूल सहायकाची 15 मिनिटे जास्तीची गेली. त्याचे साडेसत्त्याण्णव रुपये झाले. तीनपैकी एका परतीत तलाठ्यालाही अहवाल पुन्हा करावा लागतो असे धरले, तर त्या वेळी आणखी 10 मिनिटे, म्हणजे 90 रुपये लागतात. वर्षाच्या 4,500 परतींचा खर्च 5 लाख 73 हजार 750 रुपये होतो. एका महसूल सहायकाच्या टेबलाच्या पूर्ण वर्षाच्या खर्चाहून हा थोडा अधिकच आहे, आणि यातून एकही नवा दाखला निघत नाही.

परतीमुळे नोकरदाराचा 80 रुपयांचा दाखला 177 रुपयांवर जातो, म्हणजे तपासणीतली मिनिटे वाचवून जे मिळेल त्यापेक्षा परती वाचवून कितीतरी जास्त मिळते. शाखेत सुधारणेची चर्चा मात्र नेहमी तपासणी जलद करण्याची असते. परतीचा खर्च कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, याचे कारणही याच हिशेबात सापडते. चूक बहुतेक वेळा केंद्रावर किंवा सजात होते, खर्च मात्र शाखेच्या टेबलावर पडतो. केंद्रचालकाला शुल्क अर्जामागे मिळते. अर्ज पहिल्या फेरीत निघाला काय आणि तिसऱ्या फेरीत निघाला काय, त्याच्या मिळकतीत फरक पडत नाही. त्रुटींची नोंद प्रणालीत असते, पण ती केंद्रनिहाय मांडून कोणी पाहत नाही. ती तशी मांडली की परती थोड्या केंद्रांवर साचलेल्या आहेत की सगळीकडे पसरलेल्या आहेत हे कळते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. साचलेल्या असतील, तर त्या चालकांना बोलावून कोणते कागद कसे लागतात हे दाखवावे लागते. पसरलेल्या असतील, तर दोष मागणीतच असतो. कागदांची यादीच अस्पष्ट असते, किंवा दोन महसूल सहायक दोन निरनिराळ्या गोष्टींवर अडत असतात.

परती धरून उत्पन्नाच्या 18,000 दाखल्यांचा खर्च 47 लाख 13 हजार 750 रुपये, म्हणजे सरासरी 262 रुपये होतो. यातील 28 लाख 35 हजार, म्हणजे 60 टक्के, तलाठ्यांचा वेळ आहे. तिसांही तलाठ्यांच्या वर्षभराच्या वेळेचा आठवा हिस्सा एकट्या उत्पन्नाच्या अहवालांत जातो.

येथे एक प्रश्न विचारावाच लागतो. या 60 टक्क्यांतून शासन नेमके काय विकत घेते? चौकशीतून खरे उत्पन्न कळत असेल, तर 135 रुपये जास्त नाहीत, कारण चुकीच्या दाखल्यावर दिलेली एक शिष्यवृत्ती त्याच्या अनेक पट असते. पण अहवालातला आकडा अर्जदाराच्या स्वयंघोषणेतूनच उतरवलेला असेल, तर तीच माहिती दोनदा लिहिण्याचे हे 135 रुपये आहेत. हिशेब हा भेद सांगत नाही. तो फक्त कुठे पाहायचे ते दाखवतो. शंभर-दोनशे अहवाल घेऊन स्वयंघोषणेतील रक्कम आणि अहवालातील रक्कम शेजारी मांडून पाहणे एवढे काम तहसीलदारांना आठवड्यात करून घेता येते. दोन्ही रकमा जवळजवळ सर्वत्र सारख्या निघाल्या, तर सरसकट साधे अहवाल लिहून घेण्याऐवजी तेवढाच वेळ निवडक अर्जांच्या खऱ्या चौकशीला देणे अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे.

रिकामी मिनिटे आणि जून महिना

आता शाखेच्या क्षमतेकडे वळू. चार महसूल सहायकांच्या 3 लाख 36 हजार मिनिटांपैकी उत्पन्नाच्या दाखल्यांना परतींसह 1 लाख 75 हजार 500 आणि इतर दाखल्यांना 1 लाख 10 हजार 500 मिनिटे लागली. एकूण 2 लाख 86 हजार. म्हणजे 50 हजार मिनिटे उरली. त्यांची किंमत 3 लाख 25 हजार रुपये होते, आणि ती दाखल्याच्या किमतीत न मिसळता वेगळी दाखवणे हे या पद्धतीचे मोठे काम आहे. जुन्या सरासरीत ती प्रत्येक दाखल्यात विरघळलेली होती.

वरच्या कार्यालयात बसून हा आकडा वाचणारा म्हणेल की शाखेत अर्ध्याहून अधिक माणूस जास्त आहे. जूनमध्ये त्याच शाखेसमोरची रांग पाहणारा म्हणेल की माणसे कमी आहेत. दोघांचेही खरे आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रवेश आणि शिष्यवृत्तीसाठी दाखल्यांची झुंबड उडते. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत वर्षाचे 40 टक्के काम येते असे धरले, तर त्या काळात 1 लाख 14 हजार 400 मिनिटांचे काम असते आणि चौघांकडे 84 हजार मिनिटे असतात. 30,400 मिनिटे कमी पडतात. उरलेल्या नऊ महिन्यांत 80,400 मिनिटे जास्त होतात. वर्षाअखेरीची 50 हजार मिनिटांची शिल्लक या दोहोंची वजाबाकी आहे.

कमी पडणारी मिनिटे कुठून येतात? पुरवठा शाखेतून किंवा रोजगार हमीच्या टेबलावरून एक-दोन माणसे तोंडी आदेशाने दाखल्यांवर बसवली जातात, आणि शनिवारी कार्यालय उघडले जाते. तीस हजार मिनिटे म्हणजे तीन महिने जवळजवळ दीड माणूस. त्याचा खर्च त्या शाखांच्या खात्यावर राहतो, तिथली शिधापत्रिकांची कामे मागे पडतात, आणि दाखल्याचा हिशेब मात्र स्वच्छ दिसतो. लोकसेवा हक्क अधिनियमाखाली उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 15 दिवसांची असल्याने प्रलंबित अर्जांचा आकडा वर दिसतो. पुरवठ्याकडून उसने घेतलेले दिवस कुठेच दिसत नाहीत.

काय करता येते, आणि किती

परती निम्म्यावर आणल्या, तर किती वाचेल? कागदावर 2 लाख 86 हजार 875 रुपये. पण तेवढी रोकड तिजोरीत येणार नाही, कारण महसूल सहायकाचा पगार परती कमी झाल्या म्हणून कमी होत नाही. हाती येतात ती त्याची 33,750 मिनिटे. तीही वर्षभरात विखुरलेली असतात. जून-ऑगस्टच्या वाट्याला 40 टक्के, म्हणजे 13,500 आली, तर 30,400 ची तूट 16,900 वर येते. निम्म्या परती टाळणे ही सोपी गोष्ट नाही, आणि तरीही तूट संपत नाही.

राहिलेले काम वर्षात पुढे-मागे सरकवूनच होईल, आणि येथे दाखल्यांचे स्वभाव आडवे येतात. उत्पन्नाचा दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर दिला जातो आणि तो 31 मार्चपर्यंत चालतो. त्यामुळे जानेवारीत शाळेत शिबिर घेऊन वाटलेला उत्पन्नाचा दाखला जूनच्या प्रवेशाला निरुपयोगी ठरतो. त्याला एप्रिल-मेचीच खिडकी आहे. तेव्हा तलाठी मार्चअखेरच्या वसुलीतून मोकळे झालेले असतात, पण विद्यार्थी गावी गेलेले असतात आणि निकाल लागण्याआधी दाखल्याची आठवण कोणाला होत नाही. अधिवासाच्या दाखल्याला अशी मुदत नाही. तो एकदा काढला की पुरतो, म्हणून नववी-दहावीच्या वर्गांत डिसेंबरमध्ये शिबिर घेऊन देता येतो. अधिवासाचे 2,400 दाखले गर्दीच्या तिमाहीत येतात आणि प्रत्येकाला परतींसह महसूल सहायकाची 7 मिनिटे लागतात. त्यातले निम्मे जरी हिवाळ्यात हलवले, तरी 8,400 मिनिटे सुटतात. शिबिरासाठी लागणारा जाण्यायेण्याचा वेळ त्या महिन्यांतल्या रिकाम्या मिनिटांतून जातो, म्हणून त्याचा वेगळा भार पडत नाही. शिबिराला जोडून गाडी व इंधन लागले, तर तो मात्र खरा, रोख खर्च आहे आणि तो हिशेबात धरला पाहिजे.

या हिशेबाबाहेर राहिलेली एक मोठी रक्कम नागरिकाची आहे. त्या महिलेची दोन वेळची बुडालेली मजुरी, तालुक्याला येण्याचे एसटीचे भाडे आणि केंद्रावर दुसऱ्यांदा दिलेले झेरॉक्सचे पैसे शासनाच्या कोणत्याही खात्यात नाहीत. ती रक्कम शासनाच्या 262 रुपयांत मिसळू नये, कारण दोन निराळ्या खिशांची बेरीज करून निर्णय होत नाहीत. पण ती शेजारी, वेगळ्या रकान्यात लिहावी. परतीचा खरा भार कोण उचलतो, हे त्याशिवाय दिसत नाही, आणि शासनाच्या बाजूने 97 रुपयांची वाटणारी परत नागरिकाच्या बाजूने त्याहून बरीच महाग असते.

दोन्ही उपाय केल्यावर गर्दीच्या तीन महिन्यांतली तूट 8,500 मिनिटांवर येते. एका महसूल सहायकाची महिन्याची 7,000 मिनिटे धरली, तर हे साधारण सव्वा महिन्याचे काम आहे. तेवढ्यासाठी नवे पद मागण्याचे कारण नाही. पुरवठा शाखेतला एक माणूस सव्वा महिन्यासाठी घ्यावा, पण तोंडी नव्हे, लेखी आदेशाने. त्याच्या 8,500 मिनिटांचे 55,250 रुपये दाखल्यांच्या खात्यावर लिहावेत, आणि पुरवठ्याच्या खात्यातून तेवढेच वजा करावेत.